कडी नको लावू : गाण्यावर निबंध लिहिताना ओळ कशासाठी घ्यायची?

‘या गीतातून कवीने अत्यंत समर्पक शब्दांत मानवी भावनांचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.’

हे वाक्य तुम्ही लिहिलं असेल, किंवा निदान गाइडमध्ये वाचलं तरी असेल. त्यात चूक काहीच नाही, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. ते पाळण्याला लावा, लावणीला लावा, देशभक्तीपर गीताला लावा, कुठेही बसतं. आणि जे वाक्य प्रत्येक गाण्याला बसतं, ते कुठल्याच एका गाण्याबद्दल काही सांगत नाही.

दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण लिहायला असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे तीन मुद्दे ठरलेले. मुद्दे वाईट नाहीत. पण ते तीन डब्यांसारखे वापरले जातात. पहिल्या डब्यात कवितेचा सारांश, दुसऱ्यात रस आणि अलंकाराचं नाव, तिसऱ्यात ‘भाषा साधी, सोपी, ओघवती आहे’. मध्येच एखादी ओळ अवतरणचिन्हांत टाकायची. ती ओळ तिथे का आली, तिच्यातून काय सिद्ध झालं, हे लिहिणारा सांगत नाही आणि तपासणाराही फारसं विचारत नाही. शिवाय रचनेसाठी, म्हणजे काय आधी येतं, काय परत येतं आणि परत येताना काय बदलतं यासाठी, या तिन्हींत स्वतंत्र जागाच नाही. गाण्याच्या बाबतीत ही उणीव मोठी ठरते. छापलेली कविता एकदा वाचून खाली ठेवता येते, गाणं मात्र आपल्याच एका ओळीकडे पुन्हा पुन्हा येत राहतं.

या लेखात एकच काम करू. एक लहान गाणं घेऊ आणि त्यावर सुमारे दोनशे शब्दांचा शालेय निबंध कसा उभा राहतो ते पाहू. विषय काय, प्रतिमा कोणत्या, रचना कशी हे तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला गाण्यातल्याच शब्दांचा पुरावा.

गाणं

प्रसिद्ध गाणं मुद्दामच घेत नाही. प्रसिद्ध गाण्याबरोबर गायकाचा आवाज येतो, सिनेमातला प्रसंग येतो, आई ते गुणगुणायची ही आठवण येते, आणि मग आपण शब्दांबद्दल बोलतोय की आठवणीबद्दल हेच कळेनासं होतं. म्हणून या लेखापुरतं मी एक गाणं रचलं आहे. तुमच्याइतकंच ते सगळ्यांना नवं आहे.

दार फक्त लोटून घे, कडी नको लावू

पहाटेच्या गाडीला मी अंधारात निघालो,
वेशीपाशी दिव्याखाली एकदाच वळलो,
आठ दिवसांत येतो, एवढंच म्हणालो —
दार फक्त लोटून घे, कडी नको लावू

चुलीतली राख रोज पहाटेस काढली,
भाकरी एक जादाची फडक्यात झाकली,
न वापरता कडीही आपोआप गंजली —
दार फक्त लोटून घे, कडी नको लावू

आता गाडी दारी येते, लेक न्यायला आली,
पाणी मारता चुलीची राखसुद्धा निवाली,
शेजारच्या पोरीला ती एवढंच म्हणाली —
दार फक्त लोटून घे, कडी नको लावू

पुढे जाण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून बघा. चाल नसली तरी चालेल.

सुरुवात रचनेपासून

बहुतेक मुलं विषयापासून सुरुवात करतात, कारण निबंधात तो पहिला लिहायचा असतो. पण लिहायचा क्रम आणि शोधायचा क्रम वेगळा ठेवला तर काम सोपं होतं. ‘विषय काय?’ असं आधीच विचारलं की मन चटकन एक शब्द पुढे करतं: विरह, प्रतीक्षा, नातेसंबंध. तो शब्द एकदा चिकटला की पुढच्या सगळ्या ओळी त्याच शब्दाची उदाहरणं वाटायला लागतात. रचना मात्र मोजता येते. म्हणून आधी मोजू.

ध्रुवपद चार वेळा येतं. छापील पुस्तकात ते पहिल्यांदा पूर्ण देतात आणि पुढे प्रत्येक अंतऱ्याखाली नुसतं ‘ध्रु.’ किंवा पहिला शब्द टाकून ठिपके देतात. त्यामुळे वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरतो. निबंधासाठी गाणं वहीत उतरवाल तेव्हा ध्रुवपद प्रत्येक वेळी पूर्ण लिहा, आणि प्रत्येकापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हे आत्ता कोण कोणाला म्हणतंय?

पहिल्या वेळी उत्तर नाही. कोणीतरी कोणाला तरी दाराबद्दल सांगतंय, एवढंच कळतं. दुसऱ्या वेळी उत्तर स्वच्छ आहे. आधीच्या ओळीत ‘एवढंच म्हणालो’ आहे, म्हणजे निघालेला माणूस घरातल्या कोणाला तरी सांगतोय. चौथ्या वेळीही स्वच्छ आहे, ‘एवढंच म्हणाली’. आता घर सोडणारी ती आहे आणि ऐकणारी शेजारची पोर. तिसऱ्या वेळी मात्र सांगणारं कोणीच नाही. त्याचे शब्द तिला आठवताहेत की ती स्वतःलाच बजावतेय, हे गाणं उघड करत नाही.

म्हणजे ओळ अक्षरानेही बदलली नाही, पण बोलणारा बदलला. त्याची विनंती होती ती तिची विनंती झाली. या रचनेचा कणा ‘म्हणालो’ आणि ‘म्हणाली’ या दोन क्रियापदांत आहे. हे लक्षात आलं की निबंधाचा निम्मा ऐवज हातात आला.

अजून एक मोजमाप करू. प्रत्येक अंतऱ्यातल्या यमकाचे शब्द वेगळे काढा. पहिल्यात निघालो, वळलो, म्हणालो. तिन्ही त्याची कामं, तिन्हींत ‘मी’ ऐकू येतो. दुसऱ्यात काढली, झाकली, गंजली. इथे मराठी व्याकरण एक गंमत करतं. ‘काढली’ हे क्रियापद राखेप्रमाणे चाललंय, ‘झाकली’ भाकरीप्रमाणे. राख काढणारी बाई आहे की पुरुष, म्हातारी आहे की पोर, हे क्रियापदावरून कळूच शकत नाही. त्या अंतऱ्यात कामं सगळी आहेत आणि करणारं माणूस एकदाही दिसत नाही. ते दिसतं ते तिसऱ्या अंतऱ्यात, घर सोडण्याच्या क्षणी, ‘ती’ या एका सर्वनामात.

बहुतेक वह्यांत इथे लिहिलं जाईल, ‘प्रत्येक अंतऱ्यात यमक साधले आहे, त्यामुळे गेयता आली आहे.’ खरं आहे. पण यमक नुसतं आहे म्हणून सांगण्यात मजा नाही. त्या यमकाने काय लपवलं आणि काय दाखवलं, ते सांगण्यात आहे.

प्रतिमा : वस्तू परत येते तेव्हा

‘प्रतिमा शोधा’ म्हटलं की मुलं उपमा शोधतात. चंद्रासारखा, फुलासारखी. या गाण्यात ‘सारखा’ एकदाही नाही. मग प्रतिमा नाहीत का? आहेत, पण त्या साध्या वस्तूंच्या रूपात आहेत: दार, कडी, राख, भाकरी, गाडी. वस्तूची प्रतिमा कधी होते, याची एक कामचलाऊ खूण सांगतो. वस्तू गाण्यात परत आली, किंवा तिच्यात काही बदल झाला, तर तिच्यापाशी थांबा.

राख घ्या. दुसऱ्या अंतऱ्यात ती ‘रोज’ काढली जाते. राख रोज काढायची म्हणजे चूल रोज पेटते, घर चालू आहे. आणि ती ‘पहाटेस’ काढली जाते, त्याची गाडी ज्या वेळी गेली त्याच वेळी. तिसऱ्या अंतऱ्यात पाणी मारल्यावर ‘राखसुद्धा निवाली’. यातलं ‘सुद्धा’ हातचं सोडू नका. राख ‘सुद्धा’ निवाली म्हणजे आधी आणखी काही तरी निवलं होतं. काय ते गाणं सांगत नाही, पण तो एक शब्द वाचणाऱ्याला विचारात पाडतो. ‘राख थंड झाली’ असं असतं तर ती फक्त चूल विझवल्याची बातमी ठरली असती.

आता भाकरी. ‘भाकरी एक जादाची फडक्यात झाकली’. या ओळीतला कामाचा शब्द ‘जादाची’ आहे. घरातल्या तोंडांपेक्षा एक भाकरी जास्त, म्हणजे कोणाची तरी वाट पाहणं पिठात मोजलं जातंय. तिला वाट पाहायची आहे, असं गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. ‘वाट’ हा शब्दच गाण्यात नाही.

आणि कडी. पहिल्यांदा ऐकताना ती दाराची साधी कडी आहे. दुसऱ्या अंतऱ्यात ती ‘न वापरता’ गंजली. लोखंड वापराने झिजतं, पण इथे ते न वापरल्यामुळे खराब झालंय. सांगितलेलं तंतोतंत पाळलं म्हणून कडी वाया गेली. किती वर्षं गेली याचा आकडा गाणं देत नाही. तो ‘आठ दिवसांत’ म्हणाला होता, आणि गंज आठ दिवसांत असा चढत नाही. काळ मोजायला एका बाजूला त्याचा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला तिच्या घरातला गंज.

इथे एक सावधगिरी. तुम्हाला वाटेल की कडी इतकी गंजलीय की आता लावायची म्हटली तरी लागणार नाही, म्हणजे शेवटचं ‘कडी नको लावू’ बोलून काही उपयोगच नाही. वाचन चांगलं आहे, पण गाण्यात शब्द ‘गंजली’ आहे, ‘अडकली’ नाही. इतकं अंतर तुम्ही स्वतः चालून गेला आहात. मग निबंधात ‘कदाचित’ लिहा, किंवा ते वाचन सोडा. पुरावा जिथपर्यंत नेतो तिथवरच खात्रीने बोलायचं.

ओळ पुरावा आहे का? एक चाचणी

आता सगळ्यात कामाची गोष्ट. निबंधात ओळ उद्धृत केली की ती पुरावा आहे की सजावट, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. उद्धृत केलेल्या ओळीतला मुख्य शब्द बदलून बघा. बदलल्यावरही तुमचं विधान जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ती ओळ पुरावा नव्हती.

समजा तुम्ही लिहिलंत, ‘‘आठ दिवसांत येतो’ या ओळीतून विरहाची भावना व्यक्त होते.’ आता ‘आठ दिवसांत’च्या जागी ‘लवकरच’ टाका. विधान तसंच राहतं. म्हणजे ‘आठ’ या शब्दाचा तुम्ही उपयोगच केला नव्हता.

आता असं लिहा: ‘तो मोघम आश्वासन देत नाही, ‘आठ दिवसांत’ असा आकडा देतो, त्यामुळे त्याचा शब्द खोटा ठरल्याचं मोजता येतं.’ इथे ‘लवकरच’ टाकलं की विधान कोसळतं. कोसळतं म्हणजे ते त्या शब्दावर उभं होतं. हा पुरावा.

ही चाचणी केली की आपोआप आणखी एक सुधारणा होते. अवतरणं आखूड होतात. विधान ज्या दोन-तीन शब्दांवर उभं आहे तेवढेच शब्द लागतात, पूर्ण कडवं लागत नाही. सुमारे दोनशे शब्दांच्या निबंधात आठ-दहा छोटी अवतरणं चालतात. दोन-चार शब्दांचं अवतरण आपल्या वाक्यात एकेरी अवतरणचिन्हांत घालावं. पूर्ण ओळ शक्यतो एकदाच द्यावी, जिथे ओळ पूर्णच वाचावी लागते तिथे. इथे ती ध्रुवपदाची. सलग दोन ओळी वाक्यातच द्यायच्या असतील तर मध्ये तिरकी रेघ द्यावी. आणि आपल्या वाक्यात नीट बसावं म्हणून गाण्याचा शब्द बदलू नये. ‘म्हणालो’चं ‘म्हणाला’ केलंत तर वर पाहिलेला पुरावाच पुसला जाईल. वाक्य बदला, ओळ नको.

अवतरणानंतर लगेच पूर्णविराम देऊन पुढच्या मुद्द्याला पळू नये, हेही त्यातच आलं. ओळ दिल्यावर किमान एक वाक्य तिच्यातल्या शब्दाबद्दल हवं. आणि ते वाक्य म्हणजे तीच ओळ गद्यात पुन्हा सांगणं नव्हे. ‘म्हणजेच ती रोज भाकरी झाकून ठेवत असे’ या वाक्याने काही पुढे सरकत नाही, कारण ते ओळीनेच सांगितलंय.

खरं गाणं घ्याल तेव्हा आणखी एक काळजी लागते. इंटरनेटवर मिळणारे गाण्यांचे शब्द बऱ्याचदा कोणीतरी ऐकून टाइप केलेले असतात, आणि ऐकण्यात ‘निवाली’चं ‘निघाली’ सहज होतं. ज्या शब्दावर तुमचा मुद्दा उभा आहे, तो शब्द स्वतः दोनदा ऐका, आणि संग्रह मिळत असेल तर छापील पाठाशी ताडून पाहा. चालीबद्दल लिहायचं असेल तर तिथेही हीच चाचणी लावा. ‘चाल सुमधुर आहे’ हे सजावटीचं वाक्य झालं. गायक अमुक शब्दावर किती वेळ थांबतो, ध्रुवपदाची पुनरावृत्ती कुठे गाळतो, हे कोणालाही ऐकून तपासता येतं.

‘कवी म्हणतो’ म्हणजे कोण?

या गाण्यावर लिहिताना हात सवयीने लिहील, ‘कवी पहाटे घर सोडून निघाला.’ कवी कुठेही निघालेला नाही. निघालाय तो गाण्यातला ‘मी’.

मराठी गाण्यात हा फरक फार जुना आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये बोलणारी विरहिणी स्त्री आहे. ‘गीत रामायण’ 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. त्यातली 56 गीतं ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडक्यांचं, पण बहुतेक गीतांत बोलतात ती रामकथेतली पात्रं. तिथे ‘कवी म्हणतो’ लिहिलं तर कौसल्येचं दुःख माडगूळकरांच्या नावावर जमा होतं. म्हणून निबंधात ‘गाण्यातला मी’, ‘निवेदक’ किंवा पात्राचं नाव लिहावं.

आपल्या गाण्यात या फरकातून एक खरा प्रश्न निघतो. पहिल्या अंतऱ्यात ‘मी’ आहे, तिसऱ्यात ‘ती’. मग तिसरा अंतरा कोण सांगतंय? तोच ‘मी’ सांगत असेल तर तिने काय केलं हे त्याला कळलंय, म्हणजे तो कधीतरी परतला, किंवा कोणीतरी त्याला सांगितलं, किंवा तो नुसती कल्पना करतोय. दुसरा कोणी निवेदक असेल तर ‘मी’ची कहाणी पहिल्या अंतऱ्यातच संपली. दोन्हींना गाण्यात जागा आहे, आणि निकाल लावणारा शब्द नाही. निबंधात अशा प्रश्नाला एक वाक्य द्यावं. तो लपवू नये आणि ओढूनताणून सोडवूही नये.

तसंच ती त्याची बायको की आई? ‘लेक न्यायला आली’ यावरून तिला मुलगी आहे एवढं कळतं. मुलगी त्याची असेल, किंवा बहीण असेल. ‘पतीची वाट पाहणारी पत्नी’ असं लिहिणाऱ्याने ते गाण्यातून घेतलेलं नाही, इतर गाण्यांच्या सवयीतून आणलंय.

विषय आता लिहू

रचना आणि प्रतिमा पाहून झाल्यावर विषयाकडे येऊ. विषय एका नामात सांगू नका, एका पूर्ण वाक्यात सांगा. ‘विरह’ म्हटलं की कोणीच नाही म्हणू शकत नाही. वाक्य केलं की ते चूक असू शकतं, आणि चूक असू शकतं म्हणूनच त्याला पुरावा लागतो.

या गाण्याचं माझं वाक्य असं: दिलेला शब्द देणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त काळ बांधून ठेवतो. हे वाक्य ‘म्हणालो’चं ‘म्हणाली’ झालं त्यातून निघालं, गंजलेल्या कडीतून निघालं. आता निबंध.

*‘कडी नको लावू’ या गाण्यात घर सोडून गेलेला एक माणूस आणि मागे राहिलेली एक स्त्री आहे. दिलेला शब्द देणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त काळ बांधून ठेवतो, असे हे गाणे सुचवते.*

*गाण्याची रचना हाच याचा पहिला पुरावा आहे. ‘दार फक्त लोटून घे, कडी नको लावू’ हे ध्रुवपद चार वेळा येते आणि एकदाही बदलत नाही. बदलतो तो बोलणारा. पहिल्या अंतऱ्यात ते ‘एवढंच म्हणालो’ नंतर येते, म्हणून ती त्याची विनंती आहे. शेवटी ते ‘एवढंच म्हणाली’ नंतर येते. आता तेच शब्द तिचे झाले आहेत. ती स्वतः घर सोडतानाही त्याला दिलेली सोय मोडत नाही.*

*दुसऱ्या अंतऱ्यात ‘काढली’, ‘झाकली’ ही क्रियापदे राख आणि भाकरी यांच्याप्रमाणे चालतात. त्यामुळे कामे दिसतात, पण ती करणारी व्यक्ती दिसत नाही. तिचे सारे अस्तित्व त्या कामांत मुरून गेले आहे. ती वाट पाहते असे गाणे म्हणत नाही. भाकरी ‘जादाची’ आहे एवढेच सांगते.*

*काळ किती गेला हेही वस्तूच सांगतात. त्याने ‘आठ दिवसांत’ येण्याचे सांगितले होते. कडी मात्र ‘न वापरता’ गंजली आहे. त्याचा शब्द पाळल्यामुळेच ती गंजली, हे विशेष. शेवटी ‘राखसुद्धा निवाली’ म्हटले आहे. ‘सुद्धा’ या शब्दामुळे राखेच्या आधी आणखी काही विझले असावे असे वाटते.*

*तो परत आला का, हे गाणे सांगत नाही. तिसरा अंतरा तोच सांगतो आहे की दुसरा कोणी, हेही अनिश्चित आहे. पण ती गेल्यावरही दार उघडेच राहणार, एवढे मात्र निश्चित आहे.*

या निबंधाशी भांडता येतं

हा निबंध आदर्श उत्तर म्हणून पाठ करू नका, कारण त्याच्याशी भांडायला जागा आहे. शेवटचंच वाक्य घ्या. ‘दार उघडेच राहणार’ हे मी ‘निश्चित’ म्हटलंय. पण तिने शेजारच्या पोरीला फक्त सांगितलंय. पोरीने ऐकलं की नाही, हे गाण्यात नाही. ‘निश्चित आहे’च्या जागी ‘अशी तिची इच्छा आहे’ एवढंच लिहायला हवं, असं कोणी म्हटलं तर त्याच्या बाजूने ‘म्हणाली’ हे क्रियापद उभं आहे. ते सांगण्याचं क्रियापद आहे, घडण्याचं नाही.

किंवा कोणी म्हणेल, शेवटी ती दार त्याच्यासाठी उघडं ठेवत नाहीये, स्वतःसाठी ठेवतेय. लेक नेतेय म्हणून ती जातेय, पण तिला परत यायचंय. तो जाताना हे वाक्य परतीच्या भरवशाने बोलला होता, मग तीही त्याच भरवशाने बोलत असेल. या वाचनात गाण्याचा विषयच बदलतो. ती आता त्याच्या शब्दाला बांधलेली राहत नाही, त्याचा शब्द घेऊन ती आपल्या कामाला लावते. माझ्या वाचनाला ‘राखसुद्धा निवाली’चा आधार आहे, कारण जिला लवकर परतायचंय ती चुलीवर पाणी मारून राख निववेल का? पण समोरचा म्हणेल, घर बंद करताना विस्तव कोणीही विझवतंच. तेही खरं.

असं भांडण ‘हृदयस्पर्शी चित्रण’वाल्या निबंधाशी करता येत नाही, कारण त्यात धरायला काहीच नसतं. इथे दोघांनाही त्याच बारा-तेरा ओळींकडे परत जावं लागतं, बोट ठेवून शब्द दाखवावा लागतो. तुम्ही दुसऱ्या बाजूचे असाल तर तुमचा निबंध ‘लेक न्यायला आली’ यातल्या ‘न्यायला’पासून सुरू करा. तिला नेलं जातंय, ती निघालेली नाही. पहिल्या अंतऱ्यात तो मात्र ‘निघालो’ म्हणतो.